पॉलिसीवरचा चुकलेला चॅसी नंबर : दुरुस्तीच्या एका पत्राचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शिक्षिकेने २०१९ साली बँकेचे कर्ज काढून पेट्रोलवर चालणारी छोटी कार घेतली होती. पाच वर्षांनी कर्ज फिटले, बँकेने ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह नमुना ३५ दिला, आणि गाडीवरचा बोजा उतरवण्यासाठी बाईंनी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला घेतला. तिथे गाडीच्या विम्याची मुदत संपल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे चालू वर्षाची पॉलिसी होती, प्रीमियम भरल्याची पावती होती आणि पॉलिसीवरचा नोंदणी क्रमांकही बरोबर होता. मात्र संकेतस्थळावर दिसत होती ती आदल्या वर्षीची, वेगळ्या कंपनीची पॉलिसी.

पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटाने आधी "सर्व्हरला वेळ लागतो" असे सांगितले. काही वेळा ते खरेही असते, कारण विमा कंपनी पॉलिसीचा तपशील परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीकडे पाठवते आणि तो तिथे दिसायला थोडे दिवस जाऊ शकतात. पण महिना उलटूनही नोंद आली नाही, तर उशिरापेक्षा तपशील न जुळण्याची शक्यता अधिक धरावी. बाईंनी आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा कारण सापडले. दोन्ही नंबर खाली दिले आहेत. गाडी ओळखू येऊ नये म्हणून अक्षरे आणि अंक बदलले आहेत, चुकीचे स्वरूप मात्र मूळचेच आहे.

```
आरसी     : MZZAB51S8K0412657
पॉलिसी   : MZZAB51S8KO412567
```

घाईने पाहिले तर दोन्ही सारखेच वाटतात. अकराव्या स्थानी आरसीवर शून्य हा अंक आहे आणि पॉलिसीवर O हे अक्षर आहे. ही चूक आरसी न पाहताही पकडता येते. हल्लीच्या गाड्यांचा चॅसी नंबर सतरा चिन्हांचा असतो, आणि ज्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो दिला जातो त्यात I, O आणि Q ही तीन अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० या अंकांशी मिसळतात. सतरा चिन्हांच्या नंबरात यांपैकी एखादे अक्षर दिसले की तो कुठेतरी चुकीचा उतरवला गेला आहे हे नक्की. फार जुन्या गाड्यांचे नंबर आखूड असतात, त्यांना ही कसोटी लावू नये.

दुसरी चूक अधिक घातक होती, कारण ती पाहताक्षणी खटकत नाही. पंधराव्या आणि सोळाव्या स्थानी 65 च्या जागी 56 झाले होते. अनेक ऑनलाइन अर्जांत चॅसी नंबरचे शेवटचे पाच अंकच विचारतात आणि ही अदलाबदल नेमकी त्या पाचांत पडली होती.

बाईंनी एजंटाला व्हॉट्सअॅपवर आरसीचा फोटो पाठवून "चॅसी नंबर चुकला आहे, बरोबर करून द्या" एवढेच लिहिले. काही दिवसांत ईमेलवर एन्डॉर्समेंट आले. एन्डॉर्समेंट म्हणजे मूळ पॉलिसीला जोडले जाणारे दुरुस्तीचे पान. ते पॉलिसीचाच भाग मानले जाते. या पानावर O जाऊन शून्य आले होते, पण 56 तसेच राहिले होते. आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही : दुरुस्ती लागू होण्याची तारीख म्हणून एन्डॉर्समेंट निघाले तो दिवस छापला होता, पॉलिसी सुरू झाली तो दिवस नव्हे.

येथवर झालेल्या प्रकारात कोणाचा वाईट हेतू दिसत नाही. आधी ढोबळ चूक नजरेत भरली, ती दुरुस्त झाली, आणि काम संपले असे समजले गेले. "नंबर चुकला आहे" एवढ्या निरोपावर काम करणाऱ्या माणसाला नेमके काय बदलायचे हे स्वतः शोधावे लागते आणि पहिला फरक सापडला की तो थांबतो. म्हणून दुरुस्तीच्या पत्रात चूक आहे असे सांगून भागत नाही. चुकीचा नंबर संपूर्ण, बरोबर नंबर संपूर्ण, आणि फरक कोणत्या स्थानी आहे हे तिन्ही लिहून द्यावे लागते.

लेखी पत्र देण्याआधी बाईंनी दोन गोष्टी तपासून घेतल्या. पहिली म्हणजे प्रत्यक्ष गाडीवरचा नंबर. आरसीवरचा नंबर बरोबरच असणार असे आपण धरून चालतो, पण आरसीवरही टंकनाची चूक असू शकते, आणि तशी असेल तर आधी परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो. विमा कंपनीला पत्र नंतर. चॅसी नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. तो कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बाईंच्या गाडीत तो पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर, गालिचाच्या झाकणाखाली होता. ओल्या फडक्याने धूळ पुसून, टॉर्च तिरकी धरून फोटो काढल्यावर खाचा स्पष्ट दिसल्या. समोरून फ्लॅश मारला की पत्रा चमकतो आणि 8 व B यांत फरक कळत नाही. पत्र्यावरचा नंबर आरसीशी तंतोतंत जुळला. कार घेताना वितरकाने दिलेल्या विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, आणि आदल्या वर्षीच्या पॉलिसीवरही तोच नंबर होता.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रस्ताव अर्जाची प्रत. पॉलिसी ज्या माहितीवरून निघते ती या अर्जात असते आणि पॉलिसीधारकाने मागितली तर कंपनी ती देते. प्रस्तावातच चुकीचा नंबर होता, म्हणजे एजंटाने पोर्टलवर भरताना तो चुकला होता आणि कंपनीच्या छपाईत काही बिघडले नव्हते. हा फरक पत्राचा सूर ठरवतो. प्रस्तावात बरोबर आणि पॉलिसीत चुकीचे असेल, तर "प्रस्तावाप्रमाणे पॉलिसी दिलेली नाही" असे ठामपणे म्हणता येते. विमा लोकपालाकडे जाण्याच्या कारणांत ते एक स्वतंत्र कारणच आहे. प्रस्तावच चुकला असेल, तर कंपनीवर दोष टाकणारे पत्र पहिल्या उत्तरातच कोसळते. तिथे सरळ "प्रस्तावात नंबर भरताना टंकनाची चूक झाली" असे लिहावे.

तपासणी करताना तिसरी विसंगती निघाली, ती नावाची. आरसीवर बाईंचे लग्नानंतरचे नाव होते, तर पॉलिसीवर माहेरचे. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नवी पॉलिसी घेताना केवायसी सक्तीची झाली आहे. बाईंचे पॅन कार्ड लग्नाआधीचे होते आणि केवायसीतून आलेले नाव पॉलिसीवर जसेच्या तसे उतरले होते. लग्नानंतर आधार, बँक आणि आरसीवर नाव बदलले आणि पॅन मात्र तसेच राहिले, अशी उदाहरणे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

दोन्ही दुरुस्त्या एकाच पत्रात मागाव्यात की वेगळ्या, हा प्रश्न इथे आला. माझ्या मते या प्रकरणात त्या वेगळ्याच हव्या होत्या आणि बाईंनी तसेच केले. चॅसी नंबरची दुरुस्ती आरसी आणि फोटो पाहून एका टेबलावर होऊ शकते. नावाची दुरुस्ती केवायसीच्या कागदांवर अवलंबून असते, तिथे शंका निघतात, पुन्हा कागद मागवले जातात, आणि एकाच पत्रात दोन्ही मागण्या असतील तर सोपी मागणी अवघड मागणीच्या मागे अडकून पडते. नावातला फरक एखाद्या अक्षराचा असता, उदाहरणार्थ "दिपाली" आणि "दीपाली" यांच्या इंग्रजी स्पेलिंगचा, तर एकत्र लिहायला हरकत नव्हती.

चॅसी नंबरसाठी दिलेले पत्र पुढीलप्रमाणे होते. ओळख पटेल असा तपशील कंसांनी झाकला आहे.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक, मोटार विमा विभाग,
[कंपनीचे नाव आणि पॉलिसीवर छापलेला शाखेचा पत्ता]

विषय : खासगी कार पॉलिसी क्र. [—] मधील चॅसी नंबर पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले एन्डॉर्समेंट क्र. [—], दिनांक [—].

महोदय,

वाहन क्रमांक [—] या माझ्या कारचा विमा वरील पॉलिसीने [—] ते [—] या मुदतीसाठी आपल्याकडे उतरवलेला आहे. प्रस्ताव भरताना चॅसी नंबर लिहिण्यात टंकनाची चूक झाली आणि तोच चुकीचा नंबर पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये व विमा प्रमाणपत्रात छापला गेला.

पॉलिसीत मूळ छापलेला नंबर : MZZAB51S8KO412567
एन्डॉर्समेंटनंतरचा नंबर : MZZAB51S8K0412567 (हाही चुकीचा)
नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे बरोबर नंबर : MZZAB51S8K0412657

बरोबर नंबरात अकरावे चिन्ह शून्य हा अंक आहे. पंधरावे आणि सोळावे चिन्ह अनुक्रमे 6 आणि 5 आहेत. संदर्भातील एन्डॉर्समेंटने अकरावे चिन्ह दुरुस्त झाले आहे, पंधरावे व सोळावे अजून चुकीचेच आहेत.

पॉलिसीतील नोंदणी क्रमांक, इंजिन नंबर, वाहनाचा प्रकार, घनक्षमता, उत्पादनाचे वर्ष आणि आधीच्या पॉलिसीचा तपशील नोंदणी प्रमाणपत्राशी व आधीच्या पॉलिसीशी जुळतात. त्यामुळे विमा उतरवलेले वाहन हेच आहे, ही मागणी दुसऱ्या वाहनासाठी नाही, आणि या दुरुस्तीने प्रीमियममध्ये फरक पडत नाही.

पॉलिसी सुरू झाल्यापासून आजपर्यंत या वाहनाला अपघात झालेला नाही, वाहनामुळे इतर कोणाची हानी झालेली नाही आणि कोणताही दावा दाखल केलेला नाही. वाहनाची तपासणी करणे आवश्यक वाटल्यास मी ते दाखवण्यास तयार आहे.

तरी कृपया (१) वरील बरोबर नंबर नमूद करणारे एन्डॉर्समेंट पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू करून द्यावे, (२) दुरुस्त विमा प्रमाणपत्र द्यावे, आणि (३) दुरुस्त तपशील वाहन प्रणालीकडे पुन्हा पाठवावा. यांपैकी एखादी गोष्ट शक्य नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
[सही, आरसीवरील नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक]

सोबत : नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, चालू पॉलिसी व एन्डॉर्समेंट, आधीच्या वर्षाची पॉलिसी, नमुना २१, सांगाड्यावरील चॅसी नंबरचा फोटो.

पत्र मराठीत आहे, पण नंबर मुद्दाम आरसीवर छापलेल्या रोमन अक्षरांत आणि त्याच अंकांत ठेवले आहेत. कंपनीचा माणूस तो नंबर पत्रातून उचलून संगणकात टाकणार, तेव्हा लिप्यंतराची आणखी एक पायरी त्याच्यावर लादू नये. शक्य असेल तर ईमेलमध्ये नंबर मजकुराच्या स्वरूपातही द्यावा, म्हणजे हाताने टंकायची वेळच येत नाही. हाताने टंकतानाच तर हे सगळे सुरू झाले होते.

इंजिन नंबर आणि इतर तपशील जुळतात हे सांगणारा परिच्छेद नुसत्या औपचारिकतेसाठी घातलेला नाही. चॅसी नंबर बदलण्याची मागणी आली की कंपनीला पहिली शंका येते ती एका गाडीच्या पॉलिसीवर दुसरी गाडी चढवली जात असल्याची. बाकीची सगळी ओळख जुळत असून फक्त दोन-तीन चिन्हे हललेली असतील, तर ती शंका कागदावरच मिटते. चॅसी आणि इंजिन नंबर दोन्ही पूर्णपणे वेगळे असते, तर हे पत्र पुरले नसते. मग गाडीची तपासणी होते, सांगाड्यावरच्या नंबराचा पेन्सिलने काढलेला ठसा मागितला जातो, आणि क्वचित जुनी पॉलिसी रद्द करून नवी काढण्याचाही प्रस्ताव येतो.

अपघात आणि दावा नसल्याचे विधान मात्र विचार करूनच लिहावे. बाईंच्या बाबतीत ते खरे होते. पॉलिसी सुरू झाल्यावर गाडीला काही झाले असेल, दावा दाखल केलेला नसला तरी, हे वाक्य गाळून घडले ते तारखेसह सांगावे आणि दावा असल्यास त्याचा क्रमांक द्यावा. नुकसान पाहायला आलेला सर्वेक्षक गाडीवरचा नंबर पॉलिसीशी ताडून पाहतोच. अपघातानंतर घाईघाईने मागितलेली आणि अपघात लपवणारी दुरुस्ती त्याच्या अहवालात उघडी पडते, आणि मग साध्या टंकनदोषाला खोट्या माहितीचा रंग चढतो.

लागू होण्याच्या तारखेचा मुद्दा विषयाच्या ओळीतच घातला आहे, कारण पत्र हाताळणारा माणूस अनेकदा तेवढीच ओळ नोंदवून फाइल पुढे पाठवतो. दुरुस्ती एन्डॉर्समेंटच्या दिवसापासून लागू झाली, तर त्याआधीचे महिने कागदावर चुकीच्या नंबराच्या गाडीच्या नावे राहतात. त्या काळातली एखादी घटना पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर आली, तर त्या दिवशी कोणत्या गाडीचा विमा होता हा वाद उकरून काढायला जागा मिळते. टंकनाची चूक पहिल्या दिवसापासूनची असते, तेव्हा दुरुस्तीही पहिल्या दिवसापासूनच मागावी.

पत्राच्या दोन प्रती नेऊन बाईंनी एकीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख घेतली, आणि तेच पत्र सोबतच्या कागदांसह पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवून सेवा विनंतीचा क्रमांक मिळवला. उत्तर आले नसते, तर पुढची पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची होती. त्यानंतर विमा नियामकाचे बीमा भरोसा पोर्टल आणि कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही तर विमा लोकपाल. सातारकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. लोकपालाकडे वकील लागत नाही आणि शुल्कही नसते. पण तिथवर जायची वेळ आली नाही. शाखेतून एकच फोन आला, त्यांनी पत्र्यावरच्या नंबराचा अधिक स्पष्ट फोटो मागितला, आणि तो मिळाल्यावर पूर्ण नंबर असलेले, पॉलिसीच्या पहिल्या तारखेपासून लागू होणारे एन्डॉर्समेंट निघाले. त्यासोबत दुरुस्त विमा प्रमाणपत्रही आले. ते मागून घ्यावे, कारण रस्त्यात पोलिसांना दाखवायचा आणि मोटार वाहन कायद्याला अभिप्रेत असलेला कागद तोच आहे, नुसते एन्डॉर्समेंटचे पान नव्हे. काही दिवसांनी संकेतस्थळावर चालू पॉलिसी दिसू लागली आणि बोजा उतरवण्याचा अर्ज पुढे सरकला.

नावाच्या पत्राला जास्त वेळ लागला, आणि ते अपेक्षितच होते. त्यात बाईंनी "नाव चुकले आहे" असे न लिहिता "पॉलिसीवरील आणि आरसीवरील नावे एकाच व्यक्तीची आहेत, पॉलिसीवर आरसीप्रमाणे नाव नोंदवावे" असे लिहिले आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र व आधारची प्रत जोडली. माहेरचे नाव चुकीचे नव्हतेच, ते फक्त आरसीशी जुळत नव्हते. कंपनीने आधी पॅनवरचे नाव बदलून आणायला सांगितले, मग विवाह प्रमाणपत्रावर नाव नोंदवून दिले, पण पुढच्या नूतनीकरणाआधी पॅन दुरुस्त करण्याची सूचना केली. सूचना रास्त होती. केवायसी जुन्या पॅनवरून होत राहिली तर नाव दरवर्षी पुन्हा तसेच उतरू शकते.

इथे एक फरक सांगणे भाग आहे, कारण "नाव चुकले" या शब्दांखाली लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी घेऊन येतात. जुनी गाडी विकत घेतली, आरसी आपल्या नावावर झाली, पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, तर ती नावातली चूक नव्हे. ते पॉलिसीचे हस्तांतरण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाने हस्तांतरणापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे बदलाचा अर्ज करायचा असतो. तिसऱ्या पक्षाबद्दलचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप आलेले मानले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. शिवाय नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे आधीच्या मालकाला मिळालेल्या सवलतीचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो. अशा वेळी दुरुस्तीचे पत्र दिले, तर कंपनी ते परत करते आणि चौदा दिवस मात्र उलटून जातात.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाची सूचना कंपनीकडून आली ती बरोबर नंबरासह. एजंटाने दुसऱ्या एका कंपनीचा स्वस्त दर म्हणून जो तयार प्रस्ताव पाठवला, त्यात मात्र त्याच्या पोर्टलवर साठवून ठेवलेला जुना तपशील आपोआप भरला गेला होता, आणि शेवटचे पाच अंक पुन्हा 12567 होते. बाईंनी प्रीमियम भरण्याआधी त्याला दुरुस्त एन्डॉर्समेंटची प्रत पाठवली आणि पोर्टलवरची साठवलेली नोंद बदलून नवा प्रस्ताव मागवला.